आत्याच्या व्हॉइस मेसेजमध्ये नुसती खरखर आणि लांबचा टीव्ही: उत्तर काय द्यावं, आणि पुन्हा येऊ नये म्हणून काय करावं

लक्षण असं. घरातल्या वयस्कर माणसाकडून व्हॉट्सअ‍ॅपवर दहा-पंधरा सेकंदांचा व्हॉइस मेसेज येतो. ऐकायला जावं तर बोलणं नाहीच. कापड घासल्यासारखी खरखर, मागे दुसऱ्या कोपऱ्यात चाललेला टीव्ही, आणि मेसेज संपतो. चार दिवसांनी पुन्हा तसाच. आपण विचारतो, "काय म्हणालीस? काहीच ऐकू आलं नाही." त्यावर तिकडून गडबडीने आणखी एक मेसेज येतो आणि त्यातही तेच असतं. नाहीतर काहीच येत नाही, आणि पुढच्या फोनवर कळतं की "मला ते जमत नाही बाई" म्हणून तिने मेसेज पाठवणंच सोडून दिलंय.

हे दुसरं होऊ नये म्हणून हे लिहिते आहे. या मेसेजला आपण काय उत्तर देतो, कधी देतो, यावर तो पुन्हा येणार की नाही हे बऱ्याच अंशी ठरतं. का, ते पुढे येईलच. सांगलीला राहणाऱ्या माझ्या आत्याचं उदाहरण धरून सांगते. वय ऐंशीच्या घरात, अँड्रॉइड फोन, संध्याकाळी मालिका चुकवायची नाही आणि चष्मा बहुतेक वेळा दुसऱ्या खोलीत.

आधी मेसेज नीट ऐका

हेडफोन लावून एकदा पूर्ण ऐका. त्या खरखरीतून बरंच कळतं.

टीव्ही स्पष्ट ऐकू येतोय, अगदी निवेदिकेचे शब्द ओळखू येतायत, तर फोनचा माइक ठणठणीत आहे आणि व्हॉट्सअ‍ॅपला माइक वापरायची परवानगीही आहे. म्हणजे फोन दुकानात न्यायची गरज नाही. खरखर मोठी आणि टीव्ही बारीक, याचं कारण साधं आहे. बोलायचा माइक फोनच्या खालच्या कडेला, चार्जिंगच्या भोकाशेजारी असतो. पदर, शाल किंवा हाताचा तळवा तिथेच घासतो, तर टीव्ही आठ-दहा फुटांवर असतो. त्यामुळे अशी खरखर आली की फोन मांडीवर किंवा हातात होता, टेबलावर नव्हता, हे धरून चालायला हरकत नाही.

आता लांबी पाहा. 2013 साली व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस मेसेज आले तेव्हापासून त्यांची मूळ रीत एकच आहे: माइकचं बटण दाबून धरा, बोला, बोट उचला की मेसेज गेला. बटणाला नुसतं ओझरतं बोट लागलं तर मेसेज जात नाही, दाबून धरा अशी सूचना तेवढी दिसते. म्हणजे अकरा सेकंदांचा मेसेज आला याचा अर्थ अकरा सेकंद काहीतरी त्या बटणावर टेकून राहिलं होतं आणि मग उचललं गेलं. हे काम बहुतेक वेळा अंगठ्याच्या मुळाचं असतं. उजव्या हातात फोन धरला की तळव्याचा तो जाड भाग बरोबर पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यावर येतो, आणि माइकचं गोल बटण तिथेच आहे.

मेसेज दोन-तीन मिनिटांचा असेल तर गोष्ट वेगळी. बटण दाबलेलं असताना बोट वर सरकलं की रेकॉर्डिंग लॉक होतं, मग बोट उचललं तरी ते चालूच राहतं आणि बाणाचं बटण दाबल्याशिवाय जात नाही. ज्यांच्या फोनला खाली तीन बटणं नाहीत आणि अ‍ॅपमधून बाहेर पडायला तळापासून वर बोट सरकवावं लागतं, त्यांच्याकडून हे सहज होतं. बोट जरा उजवीकडे आणि जरा वर टेकलं की बाहेर पडण्याऐवजी रेकॉर्डिंग लॉक. पुढे समोर काहीतरी हलताना दिसतं, हिरवा बाण दिसतो, आणि तो दाबला जातो. अशा फोनला खालची तीन बटणं परत आणून द्या. सॅमसंगमध्ये Settings → Display → Navigation bar मध्ये Buttons निवडायचं. बाकी फोनमध्ये शोधाच्या चौकटीत navigation लिहिलं की सापडतं.

एक अपवाद आधीच सांगून ठेवते. मेसेज रात्री-अपरात्री आलाय, त्यात कण्हण्याचा किंवा काही पडल्याचा आवाज आहे, किंवा अर्धवट हाक ऐकू येतेय, तर पुढचं काही वाचत बसू नका. लगेच साधा फोन लावा, उचलला नाही तर शेजाऱ्यांना पाठवा.

मेसेज नेमका कधी आला?

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तपासणी ही, आणि ती सहसा कोणी करत नाही. त्यांचा मेसेज किती वाजता आला ते बघा. मग त्याच्या आधी तुम्ही पाठवलेला व्हॉइस मेसेज दाबून धरा आणि वरच्या तीन ठिपक्यांमधून Info उघडा. तिथे मेसेज पोचला कधी, दिसला कधी आणि ऐकला कधी, या तिन्ही वेळा असतात. आपल्याला हवी ती Played समोरची. निळ्या खुणा बंद करून ठेवल्या असल्या तरी व्हॉइस मेसेज ऐकल्याची ही वेळ दिसते.

आत्याच्या बाबतीत वेळा अशा होत्या. मी संध्याकाळी 7:58 ला गुडघ्याची चौकशी करणारा मेसेज पाठवला. तिने तो 8:11 ला ऐकला. तिचा खरखरीचा मेसेज आला 8:12 ला. त्याच्या मागचा प्रसंग काढून पाहिला, तर तिथेही माझा मेसेज ऐकल्यावर मिनिटभरात तिचा आलेला.

चित्र स्पष्ट होतं. ती मालिका बघत बसलेली असते. फोन वाजतो, माझं नाव दिसतं म्हणून ती उघडते आणि मेसेज ऐकते. ऐकून झाल्यावर आपण काय करू? फोन बंद करू किंवा मागे जाऊ. तिच्या मनात ते काम तिथेच संपलेलं असतं. नजर परत टीव्हीकडे जाते, फोन मांडीवर येतो, त्यावर हात. पडदा अजून उजळलेला, माझंच संभाषण उघडं, आणि अंगठ्याच्या मुळाखाली माइकचं बटण. जाहिरात लागली की ती हात उचलते, आणि मेसेज मला येतो.

म्हणजे तिचा चुकून आलेला मेसेज हा माझ्या मेसेजच्या पाठोपाठच येत होता. त्यावर मी तिथल्या तिथे "काय म्हणालीस?" असा व्हॉइस मेसेज टाकला असता, तर तिने तो त्याच खुर्चीत, त्याच हातात धरून ऐकला असता, आणि चक्र पुन्हा फिरलं असतं. याच कारणासाठी लगेच व्हॉइसने उत्तर देऊ नका असं मी सांगते.

उत्तर कधी आणि कसं द्यावं

मालिकांची वेळ टाळा. आत्या सकाळी चहा घेताना स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसते, टीव्ही बंद असतो, चष्मा डोळ्यांवर असतो आणि फोन टेबलावर. त्या वेळी आलेला मेसेज ती टेबलावर ठेवूनच ऐकते. तुमच्या घरातल्या माणसाची अशी वेळ कोणती ते तुम्हालाच माहीत असणार, देवपूजा झाल्यानंतरची असेल किंवा दुपारी पेपर वाचतानाची. रात्रभर उत्तर आलं नाही म्हणून तिला काही वाटत नाही, कारण तिच्याकडून काही गेलंय हेच तिला माहीत नसतं.

"काय म्हणालीस?" हा प्रश्न पूर्णपणे टाळा. तिने काही म्हटलेलंच नाही. या प्रश्नाने ती आठवायला लागते, आपल्या हातून काय गेलं असेल म्हणून धास्तावते, आणि मेसेज पुसायच्या नादाला लागते. पुसतानाही गंमत नाही. Delete for me दाबलं गेलं तर मेसेज फक्त तिच्या फोनवरून जातो, आपल्याकडे तसाच राहतो. तो सगळ्यांकडून पुसायचा तर Delete for everyone हवं, आणि तेही पाठवल्यापासून दोन दिवसांहून थोड्या जास्त वेळेतच चालतं. ऐंशीच्या माणसाला या भानगडीत पाडू नये. नुसत्या खरखरीचा मेसेज पडून राहिला तर कोणाचं काही बिघडत नाही.

मेसेज चुकून आला हे मात्र सांगावं. लपवून ठेवलं तर ते थांबवता येणार नाही. सांगताना बटण दाबलं गेलं असं सांगा, तू दाबलंस असं नको. आणि मागे काय ऐकू आलं त्याचा तपशील देऊ नका. टीव्ही म्हणा, पुरे. मागे सून काहीतरी बोलत होती किंवा औषधावरून वाद चालला होता, हे ऐकू आलं असलं तरी ते तुमच्यापाशी राहू द्या. आपल्या घरातलं बोलणं फोनमधून बाहेर जातं हे एकदा मनात बसलं की म्हातारी माणसं फोन उशीखाली ठेवायला लागतात, आणि मग गरजेच्या वेळीही तो हाताशी नसतो.

शेवटची गोष्ट, एका मेसेजमध्ये एकच कृती सांगा आणि ती मेसेजच्या अगदी शेवटी सांगा. मेसेज संपताक्षणी फोन तिच्या हातात असतो आणि शेवटचं वाक्य कानात असतं, तेव्हाच ती कृती घडते. सुरुवातीला सांगितलेलं पुढच्या चौकशीत विरून जातं.

मी आत्याला सकाळी पाठवलेला मेसेज असा होता, सावकाश बोललेला. त्यातलं टिकलीचं बटण म्हणजे काय ते लगेच पुढे येतं:

"आत्या, काल रात्री तुझ्याकडून एक मेसेज आला, त्यात नुसता टीव्हीचा आवाज होता. फोन मांडीवर असताना बटण दाबलं गेलं असणार. काही बिघडलेलं नाही, पुसायचीही गरज नाही. गुडघ्याचं काय ते मला दुपारी सांग, मी चार वाजता फोन करते. आता एक कर, हे ऐकून झालं की टिकली लावलेलं बटण एकदा दाब. पडदा काळा झाला की फोन खाली ठेव."

काका किंवा आजोबा असतील आणि त्यांना तुम्ही अहो-जाहो करत असाल तर तसंच बोला. मजकूर तोच चालतो. ज्यांना वाचायला सोपं जातं त्यांना लिहून पाठवलं तर आणखी बरं, कारण लिहिलेलं वाचायला फोन समोर धरावा लागतो, कानाशी किंवा मांडीवर जात नाही.

टिकलीचं बटण

बहुतेक अँड्रॉइड फोनच्या उजव्या कडेला दोन बटणं असतात. वरचं लांब ते आवाजाचं, खालचं आखूड ते पडदा बंद-चालू करण्याचं. "बाजूचं बटण" म्हटलं की आवाजाचं दाबलं जातं आणि पडदा तसाच राहतो. म्हणून सांगलीला गेले तेव्हा खालच्या बटणाच्या शेजारी, कडेवर, लहान लाल टिकली चिकटवून आले. बटणावरच लावली तर बोटाने निघून जाते, आणि बटणात बोटाचा ठसा ओळखण्याची सोय असेल तर ती चालेनाशी होते. टिकली कव्हरवर लावली तरी चालते.

यात दोन अडचणी येतात, त्या आधीच काढून टाका. हात थरथरत असेल तर एकदा दाबायचं बटण दोनदा दाबलं जातं, आणि बऱ्याच फोनवर दोनदा दाबलं की कॅमेरा उघडतो. मग "पडदा काळा झाला नाही, माझंच तोंड दिसायला लागलं" असा फोन येतो. सॅमसंगमध्ये Settings → Advanced features मध्ये Side button किंवा जुन्या फोनवर Side key असं नाव आहे, त्यात Double press बंद करा.

दुसरी अडचण ठशाची. बंद करायच्या बटणातच ठसा ओळखणारी पट्टी असेल, तर पडदा बंद झाल्यावर बोट तसंच टेकून राहिलं की फोन लगेच पुन्हा उघडतो, आणि उघडतो तो त्याच संभाषणावर. आत्याला वाटायचं बटणच बिघडलंय. यावर सोपा इलाज म्हणजे ज्या बोटाने ती बटण दाबते त्या बोटाचा ठसा फोनमधून काढून टाकायचा आणि उघडायला दुसऱ्या हाताचं बोट नोंदवायचं.

फोनमध्ये बदलायच्या दोन गोष्टी

हे समोर बसून करा, फोनवर सांगून नको.

Settings → Display → Screen timeout बघा. वयस्कर माणसांच्या फोनवर हे बरेचदा 10 मिनिटांवर असतं, कारण वाचता वाचता पडदा बंद होतो अशी त्यांची तक्रार असते आणि कोणीतरी ते वाढवून दिलेलं असतं. ते 1 मिनिटावर आणा. तीस सेकंदांवर नेलंत तर पुन्हा तीच तक्रार येईल आणि पुन्हा कोणीतरी वाढवेल. यावर पूर्ण भरवसा मात्र ठेवू नका. पडद्याला हात लागत राहिला तर ही वेळ पुन्हा पहिल्यापासून मोजली जाते, म्हणून टिकलीच्या बटणाला पर्याय नाही.

मग स्पर्शाची संवेदनशीलता. पडद्यावर जाड काच चिकटवली की बोट नीट लागत नाही म्हणून सॅमसंगमध्ये Settings → Display → Touch sensitivity चालू केलेलं असतं. त्याने पातळ सुती कापडातूनही स्पर्श लागू शकतो. पदराखाली किंवा सदऱ्याच्या खिशात फोन असताना मेसेज जात असतील तर हे बंद करून बघा, आणि त्याच पानावरचं Accidental touch protection चालू करा. खिशासारख्या अंधाऱ्या जागी ते नकळत लागणारा स्पर्श अडवतं. मांडीवरच्या उघड्या फोनला त्याचा काही उपयोग नाही, तिथे दिवा लागलेला असतो.

लागू पडलं की नाही कसं ओळखायचं

पुढचा खरखरीचा मेसेज आला की पुन्हा Info मधली वेळ बघा. आत्याचे मेसेज माझ्या मेसेजला चिकटून यायचे ते थांबले. नंतर एक आला तो सकाळी अकराला, मी काही पाठवलेलं नसताना, आणि त्यात टीव्हीऐवजी मिक्सर होता. तो ती भाचरांचे फोटो बघत असताना ओट्यापाशी गेलेला. अशा एखाद्या मेसेजला उत्तरही देऊ नये, दुपारच्या फोनवर विषय निघाला तर सांगावं. वेळा जर कशालाच जुळत नसतील, दिवसभर कधीही येत असतील, तर कोपऱ्याजवळची काच तडकली आहे का आणि फोन चार्जिंगला असताना पडदा आपोआप हलतो का ते पाहा. तो बिघाड आहे आणि तो दुरुस्तीवाल्यालाच दाखवायला हवा.

घराच्या ग्रुपवर असा मेसेज गेला तर ग्रुपचा अ‍ॅडमिन तो सगळ्यांसाठी पुसू शकतो. त्यात घरातलं खासगी बोलणं असेल तर गाजावाजा न करता पुसून टाकावं. हसण्याच्या खुणा टाकू नका आणि दुसऱ्यांना टाकू देऊ नका. आत्याला त्या खुणा दिसतात, आणि तिला त्यांचा अर्थ चांगला कळतो.

माइकचं बटण लपवायची सोय व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये नाही. त्यामुळे काही जण फोनच्या Settings → Apps → WhatsApp → Permissions मध्ये जाऊन Microphone ची परवानगीच काढून टाकतात. खरखर त्याने नक्की थांबते. पण व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या कॉलमध्येही मग त्यांचा आवाज आपल्यापर्यंत पोचत नाही, आणि कॉल चालू असताना परवानगी मागणारी चौकट समोर आली की त्या गोंधळून कॉलच बंद करतात. परदेशातली मुलं-नातवंडं ज्यांच्याशी व्हॉट्सअ‍ॅपवरूनच बोलतात, त्यांच्या फोनवर हे करू नका. ज्यांना सगळे साधाच फोन लावतात आणि ज्या स्वतः कधी व्हॉइस मेसेज पाठवत नाहीत, त्यांच्यापुरतं चालेल, तेही त्यांना विचारून. आत्याला मी विचारलं, तर तिने नको सांगितलं. तिला पुण्याच्या नातीला श्लोक म्हणून पाठवायचे असतात.